‘तेही असेच काढतात’: लग्नाच्या फोटोग्राफरला स्वतःची ओळख कशी सापडते?

हा भाग ऐकायला आत्ता वेळ नसेल, बसमध्ये असाल आणि इअरफोन घरी विसरला असाल, तर ही त्याची लिखित आवृत्ती. बोलताना आलेले माझे ‘म्हणजे’ आणि ‘तर’ जरा कमी केलेत. बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

आजचा विषय एका वाक्यावरून सुचला. माझा एक मित्र नाशिकला लग्नाचे फोटो काढतो. सात वर्षं झाली. काम स्वच्छ, माणूस वेळेवर येणारा, अल्बम वेळेत देणारा. मागच्या वर्षी दिवाळीनंतर एका मुलीच्या वडिलांनी त्याला फोन केला. म्हणाले, “फोटो छान आहेत तुमचे. पण आम्ही अजून दोघांना विचारलंय, तेही असेच काढतात. आणि ते पंधरा हजारांनी कमी सांगतायत. तुमचं फायनल काय?”

पंधरा हजारांचं त्याला एवढं वाटलं नाही. ‘तेही असेच काढतात’ हे मात्र लागलं. कारण त्या काकांचं काही चुकलं नव्हतं. फोटो सारखेच दिसत असतील, तर तुलना करायला उरतं काय? फक्त आकडा.

मी स्वतः काही वर्षं लग्नाच्या अल्बमचं एडिटिंग केलंय. चार-पाच फोटोग्राफरांच्या हार्ड डिस्क माझ्याकडे यायच्या. फोल्डरचं नाव झाकलं, तर कुणाचं काम आहे हे मला सांगता आलं नसतं. म्हणून त्याचा फोन आल्यावर मी म्हटलं, आधी एक चाचणी करू.

मिसळ चाचणी

आम्ही त्याच्या इन्स्टाग्रामवरचे नऊ फोटो घेतले. शहरातल्या दुसऱ्या दोन फोटोग्राफरांच्या पानांवरून नऊ घेतले. नावं आणि लोगो कापून टाकले. अठरा फोटो मिसळले आणि त्याच्या धाकट्या बहिणीपुढे ठेवले. तिने त्याचं काम पहिल्या दिवसापासून पाहिलंय. तिला म्हटलं, “यातले दादाचे नऊ काढ.”

तिने नऊ उचलले. त्यातले चार त्याचे निघाले. आता बघा, डोळे मिटून नऊ उचलले तरी सरासरी चार-पाच बरोबर येतातच. म्हणजे घरच्या माणसालाही फोटो ओळखता आले नाहीत. गंमत म्हणजे दुसऱ्याचा एक फोटो त्याने स्वतः काही क्षण आपलाच समजला होता. तसाच लेहेंगा, तशीच गिरकी, मागे तसेच धूसर दिवे.

असं का होतं? चोरी म्हणून नाही. नवरा-नवरी बुकिंगच्या वेळी मोबाईलमध्ये सेव्ह केलेले फोटो दाखवतात, आणि ते सगळ्यांना साधारण तेच दाखवतात. सगळ्यांकडे ८५ एमएमची लेन्स असते, ती पूर्ण उघडून मागचं सगळं लोण्यासारखं वितळवलेलं असतं. त्यावर विकत घेतलेला तोच प्रीसेट. आणि शेवटी सगळ्यांत महत्त्वाचं: पोर्टफोलिओत कुठला फोटो ठेवायचा हे लाइक्सवर ठरतं. लोकांना आधीच ओळखीचं असतं तेच पटकन आवडतं. वर्षभर असं निवडत गेलात की तुमचं पान आपोआप शेजाऱ्याच्या पानासारखं होतं.

म्हणून नवा प्रीसेट घेऊन काही होत नाही. प्रीसेट हा शेवटचा थर आहे. कुठे उभं राहायचं, कुणाकडे बघायचं, कधी दाबायचं, हे निर्णय त्याच्या खाली असतात. तिथे सारखेपणा असेल तर वरचा रंग बदलून ओळख तयार होत नाही.

न दिलेल्या फोटोंमध्ये शोधा

मग खरं काम सुरू झालं. त्याला म्हटलं, शेवटच्या दहा लग्नांचे सगळे फोटो काढ. अल्बममध्ये गेलेले नाही, सगळे. आणि त्यातून असे निवड, जे तुला कुणीही काढायला सांगितले नव्हते. नवरीच्या यादीत नव्हते, काकूंनी हाक मारून काढून घेतले नव्हते, पण तुझं बोट दाबलं गेलं.

हे तीन संध्याकाळी चाललं. पहिल्या फेरीत दोनशेच्या आसपास निघाले, मग साठावर आणले. त्या साठांच्या आम्ही लॅबमधून साध्या चार बाय सहाच्या प्रिंट काढल्या आणि घरात फरशीवर मांडल्या. प्रिंटच का? मोबाईलवर एका वेळी एकच फोटो दिसतो आणि पुढच्या सेकंदाला आपण तो सरकवतो. फरशीवर साठ एकत्र दिसले की आपण वारंवार काय करतो ते डोळ्यांत भरतं.

मग प्रत्येक फोटोला आम्ही तीनच प्रश्न विचारले. यात कोण आहे? काय चाललंय? मी किती लांब उभा होतो?

साठातल्या एक्केचाळीस फोटोंत नवरा-नवरी मध्यभागी नव्हतेच. आणि सव्वीस फोटोंत माणसं चक्क काहीही करत नव्हती. वाट बघत होती. हळदीच्या आधी पाटाजवळ वाट्या मांडून बसलेल्या दोन आत्या. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, खोलीत एकटा, मोबाईल हातात पण नजर दाराकडे. रुखवताच्या टेबलाशी कुणी बघायला येतंय का म्हणून उभी असलेली मावशी. पाठवणीच्या आधी गाडीला टेकून उभे असलेले वडील.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “अरे, हे मी कधी कुणाला दाखवलेच नाहीत.”

इथे आम्हाला एक वाक्य मिळालं: *हा माणूस लग्नातलं थांबणं टिपतो.* सगळे जण घडणाऱ्या गोष्टीकडे कॅमेरा लावतात, आणि याचं लक्ष ती घडायच्या आधीच्या मिनिटाकडे जातं. हे वाक्य त्याने ठरवलं नव्हतं, ते सात वर्षांच्या फोटोंत होतंच.

तुमचं वाक्य वेगळं निघेल. कुणाच्या साठात हातच हात निघतील, कुणाच्या साठात हसणारी म्हातारी माणसं, कुणाच्या साठात रिकामे हॉल आणि उलट्या खुर्च्या. मात्र ते वाक्य ‘मी भावना टिपतो’ असं निघालं, तर अजून खोदा. ते कुणीही म्हणू शकतं. वाक्य असं हवं की ते वाचून दुसऱ्या फोटोग्राफरला म्हणता यावं, ‘नाही बुवा, मी हे करत नाही.’

अंतर बोलतं

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कॉम्प्युटरने दिलं. लाइटरूम क्लासिक वापरत असाल तर Library मध्ये `\` दाबा. वर Library Filter ची पट्टी येते. त्यात Metadata निवडा आणि रकान्यांची नावं बदलून Focal Length आणि Aperture करा. कुठल्या लेन्सवर किती फोटो, हे आकड्यांत समोर येतं.

त्याच्या पोर्टफोलिओत चाळीस फोटो होते, त्यातले एकतीस ८५ एमएम किंवा त्याहून लांबच्या लेन्सचे. आणि फरशीवरच्या साठांपैकी चव्वेचाळीस २८ ते ४० एमएमच्या दरम्यान! म्हणजे लोकांना दाखवायचे फोटो तो लांबून काढत होता, आणि स्वतःच्या मनाचे जवळ जाऊन.

हा फरक नुसता लेन्सचा नाही. ८५ एमएमने लांबून काढलं की एक चेहरा मिळतो आणि बाकी जग पुसलं जातं. ३५ एमएमने दोन-अडीच मीटरवरून काढलं की तीन-चार माणसं येतात, त्यांच्यामधली जागा येते, कोण कुणाकडे बघतंय ते कळतं. थांबणं दाखवायचं असेल तर ती जागा लागतेच. आत्याच्या मागचं बंद दार धूसर झालं, तर ती कशाची वाट बघतेय हे कळणार कसं?

फोटोग्राफीच्या इतिहासात हे जुनंच आहे. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपलं बहुतेक काम ५० एमएमच्या एकाच लेन्सवर केलं. आपल्याकडे रघुबीर सिंह यांच्या ‘अ वे इनटू इंडिया’ या पुस्तकात अँबॅसडर गाडी हाच धागा आहे. ते पुस्तक त्यांच्या निधनानंतर २००२ मध्ये आलं. कधी गाडीच्या खिडकीतून, कधी आरशातून, कधी उघड्या दारातून त्यांनी देश पाहिला. एक बंधन घातलं की नजर त्याच्या आत खोल जायला लागते. माझ्या मित्राचं बंधन ठरलं ३५ एमएम, आणि दोन-अडीच मीटर.

पहिल्या लग्नात फसलं

आता हे कागदावर सोपं आहे. पहिल्या लग्नात त्याने काय केलं ऐका. मागची माणसंही स्पष्ट हवीत म्हणून छिद्र एफ ४ केलं. विचार बरोबर होता. ३५ एमएमवर, अडीच मीटरवरून एफ १.४ ला अर्ध्या मीटरहूनही कमी खोली स्पष्ट येते. एफ ४ ला ती साधारण सव्वा मीटर होते.

पण एफ १.४ वरून एफ ४ वर आलं की प्रकाश आठपट कमी होतो. जिथे आयएसओ ८०० ला भागत होतं, तिथे ६४०० लागतो. हॉल अंधारा. फोटोत दाणे येतील या भीतीने त्याने आयएसओ वाढवला नाही, शटर १/६० वर आणलं. माणसं ‘थांबलेली’ असली तरी मान वळवतात, पदर सावरतात. निम्मे चेहरे हललेले आले.

उपाय कॅमेऱ्यात नव्हता, उभं राहण्याच्या जागेत होता. महत्त्वाचे चेहरे तुमच्यापासून सारख्या अंतरावर येतील अशी जागा घेतली, तर फार खोलीची गरजच नाही. मग एफ २.८ पुरतं, आयएसओ ३२०० वर येतो आणि शटर १/२५० ठेवता येतं. हे सगळ्यांत चांगलं कळतं ते अंतरपाटाच्या वेळी.

अंतरपाटाची दहा मिनिटं

मंगलाष्टका चालू आहेत. मध्ये अंतरपाट, एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नवरी, मागे मामा आणि करवली. बहुतेक फोटोग्राफर लांबची लेन्स लावून समोर थांबतात आणि ‘सावधान’ झालं, अंतरपाट खाली आला, हार पडला की धडाधड फोटो घेतात. तो फोटो लागतोच, आणि तो सगळ्यांकडे असतो.

पण आपल्या लग्नात वाट बघण्याचा सगळ्यांत मोठा प्रसंग कुठला? त्याच्या आधीची ही दहा मिनिटंच की! दोन माणसं अर्ध्या-पाऊण मीटरवर उभी आहेत आणि मध्ये फक्त एक कापड आहे. अक्षता टाकणाऱ्या शेकडो लोकांच्या नजरा त्यांच्यावर, आणि त्यांना एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत.

हे टिपायचं तर अंतरपाटाच्या कडेशी, त्याच्या रेषेत उभं राहायला हवं. तिथून कापड एका उभ्या पट्टीसारखं दिसतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन चेहरे, तुमच्यापासून जवळजवळ सारख्या अंतरावर. अडीच मीटरवरून ३५ एमएममध्ये आडवी चौकट साधारण अडीच मीटर रुंदीची येते. नवरा, नवरी, मागचे मामा, करवली, सगळे त्यात मावतात.

अडचण एकच. ती जागा व्हिडिओवाल्याचीही असते, आणि एका बाजूला गुरुजी असतात. म्हणून हे आदल्या दिवशी बोलून घ्यायचं. मित्राने व्हिडिओवाल्याशी ठरवलं: पहिल्या चार मंगलाष्टकांना कडेला मी, नंतर जागा तुझी. गुरुजींना विचारलं, कापड धरणारा दुसरा माणूस कुठल्या बाजूला उभा राहील. आणि डेकोरेटरला विनंती केली की मंगलाष्टकांपुरते स्टेजवरचे गुलाबी-जांभळे एलईडी पांढरे करा. हे शेवटचं फार कामाचं आहे. चेहऱ्यावर नुसता जांभळा प्रकाश पडला, तर त्वचेचा खरा रंग फोटोत नोंदलाच जात नाही. नोंदलाच नाही तर एडिटिंगमध्ये आणणार कुठून?

आणि खरंच सांगतो, त्या लग्नातला त्याचा सगळ्यांत चांगला फोटो त्या चार मंगलाष्टकांतला आहे. नवरी डोळे मिटून उभी आहे, आणि कापडापलीकडे नवरदेव ओठ चावतोय.

पण अन्नदात्यावर प्रयोग नको

इथे एक धोका आहे. स्वतःची शैली शोधण्याच्या नादात आजीचा ग्रुप फोटो राहिला, तर ती आजी पुढच्या लग्नाला असेलच असं नाही. लोकांनी पैसे त्यासाठीही दिलेत. म्हणून त्याने कामाची विभागणी केली. सोबतचा फोटोग्राफर लांबच्या लेन्सवर सगळे विधी सुरक्षितपणे टिपतो: हार, सप्तपदी, मंगळसूत्र. कौटुंबिक फोटोंची यादी घरातल्या एका व्यक्तीसोबत आधीच ठरते. हे पक्कं असेल, तेवढ्यातच तो स्वतः ३५ एमएम घेऊन फिरतो. आणि ज्या लग्नात तो एकटाच असतो, तिथे तो विधीच्या आधीची आणि नंतरची वेळ स्वतःसाठी ठेवतो. विधी चालू असताना नाही.

रंगांचंही थोडक्यात. त्याचा जुना प्रीसेट हिरवा दाबायचा आणि सगळं तपकिरी करायचा. हिरवा चुडा शेवाळी दिसायचा, हळद भगवी. आता कुठलीही सेटिंग ठरवताना तो तीन गोष्टी बघतो: त्वचा, चुडा आणि हळद. या तिन्ही खऱ्या दिसल्या तरच पुढे. थांबलेल्या माणसांच्या शांत फोटोंना भडक रंग शोभतही नाहीत.

काढून टाकायची हिंमत

शेवटचा टप्पा त्याला सगळ्यांत जड गेला. पोर्टफोलिओतल्या चाळीस फोटोंतले एकोणतीस काढले. वाईट होते म्हणून नाही, चांगलेच होते, पण ते कुणाचेही असू शकले असते. उरले अकरा. त्यात फरशीवरचे तेरा घातले. ज्यांचे चेहरे होते त्या घरांची परवानगी घेतली, एका घराने नाही म्हटलं, तो फोटो वगळला आणि दुसरा घेतला. आणि सोबत एक पूर्ण लग्न ठेवलं, सकाळपासून पाठवणीपर्यंत साठ फोटो, क्रमाने. कारण दहा लग्नांतला एकेक उत्तम फोटो कुणीही दाखवू शकतो. तुम्ही दिवसभर कसं बघता, हे एका पूर्ण लग्नातच कळतं.

मग काय झालं? पहिले दोन महिने चौकश्या कमी झाल्या. एका कुटुंबाने सरळ सांगितलं, “आम्हाला जोडीचे स्टायलिश फोटो हवेत, तुमच्याकडे ते दिसत नाहीत.” त्याने त्यांना दुसऱ्या फोटोग्राफरचा नंबर दिला. रात्री मला फोन करून म्हणाला, “चूक तर नाही ना केली?” मला तेव्हा उत्तर माहीत नव्हतं.

जूनमध्ये आम्ही मिसळ चाचणी पुन्हा केली. त्याचे नवे नऊ, त्याच दोघांचे नवे नऊ, तीच बहीण. तिने यावेळी सात बरोबर काढले. विचारलं, कसं ओळखलंस? ती म्हणाली, “यातली माणसं कशाची तरी वाट बघतायत. दादा असाच आहे, कुठेही गेलो तरी अर्धा तास आधी जाऊन उभा राहतो.”

भाव करणारे फोन अजूनही येतात, ते थांबत नसतात. पण मागच्या आठवड्यात एक मुलगी त्याला म्हणाली, “माझे बाबा त्या गाडीला टेकलेल्या काकांसारखे आहेत. पाठवणीच्या आधी त्यांच्याकडे लक्ष ठेवाल का?” तिने पैशांचंही विचारलं, पण नंतर. आणि ‘तेही असेच काढतात’ असं म्हणाली नाही.

तर फोटो काढत असाल, तर या आठवड्यात एवढंच करा. कुणी न सांगता काढलेले साठ शोधा, प्रिंट काढा, फरशीवर मांडा. काय सापडलं ते व्हॉइस नोटमध्ये नक्की सांगा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकू. तोवर, भेटूच!